१४ जीबीत मावणारा एडिटर

ताई, माझी आई क्रोशाचं विणकाम फार छान शिकवते. तिचे धडे मी मोबाइलवर शूट केलेत, सहा क्लिप, मिळून ४२ मिनिटं. त्यातून १० मिनिटांचा एक व्हिडिओ करायचाय. लॅपटॉप आठ वर्षांचा आहे, विंडोज १०, रॅम ४ जीबी, एसएसडी १२८ जीबीची आणि तीत जेमतेम १४ जीबी मोकळी. एडिटिंग कधी केलेलं नाही. कुणी डाविंची रिझॉल्व्ह सुचवतं, कुणी शॉटकट, कुणी केडेनलाइव्ह, कुणी ओपनशॉट. मोफत हवं आणि व्हिडिओवर वॉटरमार्क नको. सगळे उतरवून बघायला जागाच नाही. कुठला घेऊ?

*

शॉटकट घ्या. मात्र त्यात क्लिप टाकण्याआधी दोन कामं बाहेरच उरकून घ्या. लॉसलेसकट नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने नको असलेला भाग कापून टाका, आणि उरलेल्या क्लिप हँडब्रेकने हलक्या करून घ्या. तिन्ही मोफत आहेत, ओपन सोर्स आहेत, आणि कुणीही तुमच्या व्हिडिओवर आपला शिक्का मारत नाही. एकाच्या जागी तीन कशाला, असं तुमच्या मनात येईल. पण तुमच्या लॅपटॉपवर हे काम तडीस जाईल की मध्येच अडेल, ते या दोन आधीच्या कामांवरच ठरणार आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एडिटर निवडताना आपण बहुतेक वेळा त्यात इफेक्ट किती, अक्षरांचे नमुने किती, हे बघतो. तुमच्या बाबतीत बघायचं ते वेगळंच आहे: हा एडिटर न सांगता डिस्कवर काय काय ठेवतो? एडिटर तुमच्या मूळ क्लिप स्वतःच्या पोटात साठवत नाही. त्याची प्रोजेक्ट फाइल अगदी लहान असते. ‘अमुक फोल्डरमधली अमुक क्लिप, इतक्या सेकंदापासून इतक्या सेकंदापर्यंत, त्यानंतर ही दुसरी’ एवढ्याच नोंदी तिच्यात असतात. जागा जाते ती तीन ठिकाणी. मूळ क्लिप, एडिटरने स्वतःच्या सोयीसाठी बनवलेल्या त्यांच्या प्रती, आणि शेवटचा तयार व्हिडिओ. यातल्या मधल्या प्रतींकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि डिस्क भरते ती त्यांच्यामुळेच.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे. सुरुवातीच्या काळात एका जुन्या लॅपटॉपवर मी तासाभराच्या व्याख्यानाचं एडिटिंग करत होते. एडिटरने प्रत्येक क्लिपची हलकी प्रत सी ड्राइव्हवर बनवून ठेवली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. रात्री एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढायचं काम, लावून झोपले. सकाळी बघते तर काम नव्वद टक्क्यांच्या आसपास थांबलेलं, डिस्क भरलेली आणि अर्धवट फाइल उघडतच नव्हती. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे कुठली फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे याची यादी, सहसा सगळं लिहून झाल्यावर शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्याआधीच जागा संपली, तर आधीचे नव्वद टक्केही हाती लागत नाहीत.

तर आता तुमच्या १४ जीबीचा हिशोब करू. यातली सगळी जागा तुमची नाही. रॅम ४ जीबी असली की एडिटर आणि विंडोज मिळून ती लवकर भरतात, आणि मग विंडोज रॅममधला काही भाग डिस्कवर हलवते. म्हणून ५ जीबी जागा कायम मोकळी राहील असं धरून चला. उरली ९ जीबी. मोबाइलवर १०८०पी दर्जाचा, सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ एच.२६४ या दाबून साठवायच्या पद्धतीने शूट केला तर मिनिटाला साधारण १३० एमबी लागतात. तुमच्या ४२ मिनिटांचे झाले जवळपास साडेपाच जीबी. म्हणजे क्लिप लॅपटॉपवर घेतल्या घेतल्या हातात साडेतीन जीबी उरले, आणि अजून एडिटर उघडायचाच आहे. तुमच्या क्लिपचा खरा आकार मोबाइलवर फाइलच्या माहितीत दिसेल. माझ्या आकड्याच्या जागी तो घालून हाच हिशोब पुन्हा करा.

या हिशोबात डाविंची रिझॉल्व्ह बसतच नाही. सॉफ्टवेअर उत्तम आहे, रंगांवर काम करायला त्याच्या मोफत आवृत्तीच्या तोडीचं दुसरं मला तरी माहीत नाही. पण ते बनवणारी कंपनीच विंडोजसाठी १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी मेमरीचा ग्राफिक्स प्रोसेसर मागते. शिवाय त्याचा नुसता पसाराच काही जीबींचा आहे, म्हणजे तुमच्या ९ जीबीतला मोठा तुकडा एकही क्लिप उघडण्याआधी जाणार. जुन्या लॅपटॉपवर ते एक तर सुरू होताना ग्राफिक्सबद्दल तक्रार करतं, किंवा सुरू होऊन पहिल्याच क्लिपला अडखळतं. सुचवणाऱ्यांचं चुकलेलं नाही, त्यांचे लॅपटॉप वेगळे आहेत.

केडेनलाइव्ह आणि शॉटकट एकाच घराण्यातले. दोघांच्या आत व्हिडिओ हाताळणारं इंजिन एकच आहे, एमएलटी नावाचं. त्यामुळे वेगात जमीन-अस्मानाचा फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. केडेनलाइव्हमध्ये सोयी जास्त आहेत, पण पहिल्याच दिवशी समोर इतकी दालनं उघडतात की नवख्याला कुठून सुरुवात करावी कळत नाही. ओपनशॉट दिसायला सर्वांत सोपा. पण कमी ताकदीच्या लॅपटॉपवर त्यातलं प्रिव्ह्यू मला नेहमी अडखळत चालताना दिसलं, आणि नवखा माणूस अडखळणारं प्रिव्ह्यू बघून आपलंच काहीतरी चुकतंय असं समजतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एडिटरांचा विचारही ४ जीबी रॅमवर नको, तिथे ब्राउझरच अर्धी रॅम घेऊन बसतो.

शॉटकट निवडण्याची माझी कारणं दोन. एक, त्याची पोर्टेबल आवृत्ती मिळते. ती इन्स्टॉल करावी लागत नाही, झिप फाइल उलगडली की झालं, आणि नकोशी झाली तर फोल्डर पुसायचा. दुसरं कारण माझ्या दृष्टीने जास्त मोलाचं आहे. तुम्ही सांगितल्याशिवाय शॉटकट क्लिपच्या प्रती बनवत नाही. फक्त एका ठिकाणी तो विचारतो, आणि तिथे नवखे फसतात. त्याकडे येतेच. शॉटकटला ६४-बिट विंडोज लागतं. तुमचं कुठलं आहे ते `Settings > System > About` मध्ये `System type` समोर दिसेल.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शॉटकटच्या स्वतःच्या सूचनेत एचडी व्हिडिओसाठी ८ जीबी रॅम लिहिली आहे, ४ जीबी ही त्याखालच्या दर्जासाठी आहे. म्हणजे तुमचा लॅपटॉप त्या रेषेच्या खाली आहे. म्हणूनच क्लिप जशाच्या तशा त्यात टाकायच्या नाहीत.

आता कामाला लागू. आधी लॉसलेसकट. हे व्हिडिओ पुन्हा एन्कोड करत नाही, म्हणजे उलगडून नव्याने दाबत नाही, मूळ फाइलमधला हवा तो तुकडा जसाच्या तसा उचलून वेगळी फाइल करतं. त्यामुळे दर्जा तसूभरही कमी होत नाही आणि जुन्या प्रोसेसरवरही तुकडा काही सेकंदांत निघतो. क्लिप उघडा, आई टाका घालायला सुरुवात करते तिथे `I` दाबा, टाका पूर्ण होतो तिथे `O` दाबा. पुढचा तुकडा हवा असेल तर `+` दाबून पुन्हा तेच. सगळे तुकडे खुणावून झाले की `E` दाबून बाहेर काढा. धागा सोडवण्यात गेलेली मिनिटं, मध्येच वाजलेली दाराची बेल, ‘थांब, पुन्हा घेते’ हे सगळं इथेच गळून पडतं.

यात एक मर्यादा आहे ती समजून घ्या, नाहीतर सॉफ्टवेअर बिघडलंय असं वाटेल. व्हिडिओ फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र म्हणून साठवलेली नसते. मधून मधून एक पूर्ण फ्रेम असते, तिला कीफ्रेम म्हणतात, आणि तिच्यानंतरच्या फ्रेममध्ये फक्त आधीपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. एन्कोड न करता कापायचं तर तुकडा कीफ्रेमपासूनच सुरू करावा लागतो. त्यामुळे तुम्ही जिथे `I` दाबाल, त्याच्या थोडं आधीपासून तुकडा निघेल. म्हणून इथे नेमकं कापायच्या मागे लागू नका. दोन्ही बाजूंना दोन-तीन सेकंद जास्तीचे ठेवा, बारीक काम नंतर शॉटकटमध्ये होईल.

समजा ४२ मिनिटांतून कामाची १६ मिनिटं उरली. ती झाली साधारण २.१ जीबी. या घडीला लॅपटॉपवर मूळचे साडेपाच आणि हे दोन मिळून साधारण साडेसात जीबी आहेत, आणि मोकळी जागा साडेसहाच्या आसपास. संपूर्ण कामात सर्वांत कमी जागा उरते ती याच टप्प्यावर, आणि तरीही आपण ५ जीबीच्या वर आहोत. तुकडे नीट चालतात हे एकेक उघडून बघा. मग मूळ क्लिप मोबाइलवर किंवा पेनड्राइव्हवर शाबूत आहेत याची खात्री करून फक्त लॅपटॉपवरच्या प्रती पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. तो रिकामा केल्याशिवाय जागा परत मिळत नाही. आता मोकळी जागा १२ जीबीला टेकली.

पुढचं काम हँडब्रेकचं, आणि माझ्या मते सगळ्या खटाटोपात हेच कळीचं आहे. मोबाइलच्या क्लिपमध्ये दोन अडचणी असतात. पहिली फ्रेमच्या वेगाची. सेकंदाला ३० फ्रेम असं लिहिलेलं असलं तरी मोबाइल उजेडाप्रमाणे आणि स्वतःवरच्या भाराप्रमाणे हा वेग कमी-जास्त करत असतो. नुसतं बघताना काही जाणवत नाही, पण एडिटिंग करताना कापायची जागा हुकते आणि लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू चित्रापासून सरकतो. तपासायची सोपी खूण सांगते. आई क्रोशाची सुई टेबलावर ठेवते तेव्हा ‘टक्’ असा आवाज येतो ना? क्लिपच्या सुरुवातीचा ‘टक्’ हाताच्या हालचालीशी जुळतो आणि शेवटचा आधी किंवा नंतर ऐकू येतो, तर हा याच वेगाचा दोष.

शॉटकटला हे कळतं. अशी क्लिप उघडली की तो एक चौकट दाखवून विचारतो, एडिटिंगला सोयीच्या रूपात बदलून देऊ का? मघाशी म्हटलं ती फसगतीची जागा हीच. सल्ला योग्य आहे, पण त्या चौकटीतल्या सर्वांत चांगल्या दर्जाच्या पर्यायाला भुलून होकार दिला तर दर्जा अजिबात न घटवता प्रत बनते, आणि १०८०पी व्हिडिओची अशी प्रत मिनिटाला जीबीच्या घरात जाते. तुमची १६ मिनिटं १२ जीबीत मावणार नाहीत. खालच्या दर्जाचा पर्याय घेतला तरी त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र असते, म्हणून फाइल मूळच्यापेक्षा फुगलेलीच असते. तेव्हा ती चौकट येऊच नये अशी व्यवस्था आपण आधी करायची.

दुसरी अडचण उलगडण्याची. वरच्या कीफ्रेमच्या पद्धतीमुळे एडिटरला एखादी फ्रेम दाखवायची तर आधीच्या कीफ्रेमपासून सगळ्या फ्रेम उलगडत यावं लागतं. क्लिप १०८०पी असेल, त्यातही नव्या एचईव्हीसी पद्धतीने शूट झालेली असेल, तर आठ वर्षांच्या प्रोसेसरचं यात कंबरडं मोडतं. शॉटकटमध्ये प्रिव्ह्यूचा आकार कमी करायची सोय आहे आणि बरेच जण तीच वापरा म्हणतात. ती वापराच, पण तिने मूळ क्लिप उलगडायचं काम कमी होत नाही. उलगडल्यानंतर त्यावर जी प्रक्रिया होते, मजकूर, इफेक्ट, दोन दृश्यांमधला सांधा, तेवढीच हलकी होते.

हँडब्रेक या दोन्ही अडचणी एका फेरीत सोडवतो. तो उघडताना मायक्रोसॉफ्टचं `.NET Desktop Runtime` मागेल, ते त्यानेच दाखवलेल्या दुव्यावरून घ्या. आपला एक तुकडा उघडा आणि `Fast 720p30` हा प्रीसेट, म्हणजे सेटिंगचा तयार संच, निवडा. मग `Video` या भागात जाऊन चार बदल करा. `Framerate (FPS)` पुढे 30 निवडा आणि त्याखाली `Peak Framerate` च्या जागी `Constant Framerate` करा. दर्जाची पट्टी `RF 20` वर आणा. `Fast Decode` वर खूण करा, त्याने फाइल उलगडायला सोपी होते. आणि `Advanced Options` च्या चौकटीत एवढंच लिहा:

```
keyint=30
```

याचा अर्थ, फार तर ३० फ्रेमनंतर, म्हणजे दर सेकंदाला, एक कीफ्रेम असलीच पाहिजे. फाइल थोडी वाढते, पण टाइमलाइनवर, म्हणजे एडिटरमध्ये क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, पुढे-मागे जाताना चित्र लगेच समोर येतं. हे सगळं `Save New Preset` ने आपल्या नावाने जपून ठेवा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला पुन्हा बदल करत बसावं लागणार नाही. मग सगळे तुकडे रांगेत लावून रात्री सुरू करून द्या. जुन्या प्रोसेसरवर क्लिपच्या लांबीइतका, कधी त्याहून जास्तही वेळ जातो. चार्जर लावून ठेवा आणि लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सोय करा.

७२०पीवर उतरून दर्जा गमावतेय का, ही शंका तुम्हाला येणारच, विणकामात एकेक टाका दिसायला हवा. ७२०पीमध्ये चित्राचे ठिपके १०८०पीच्या निम्म्याहूनही कमी असतात, ४४ टक्के. लॅपटॉपवरचा भार त्याच मानाने उतरतो, आणि कॅमेरा हातांच्या जवळ ठेवून घेतलेलं दृश्य ७२०पीत मोबाइलच्या पडद्यावर अगदी स्वच्छ दिसतं. खरी परीक्षा असते काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीची. एन्कोडर गडद भागातले बारकावे आधी सपाट करतो. म्हणून रांग सुरू करण्याआधी गडद लोकरीचा एकच मिनिटभराचा तुकडा करून बघा. पूर्ण पडद्यावर उघडा आणि टाक्याच्या दोन पदरांमधली रेघ दिसते का ते पाहा. तिथे नुसता डाग दिसत असेल तर `RF 18` करा. हा आकडा जितका लहान तितका दर्जा जास्त आणि फाइल मोठी. याच नमुन्याच्या फाइलचा आकार बघून त्याला १६ ने गुणा, म्हणजे एकूण किती जागा लागणार ते अंदाजाने न ठरवता कळेल. मिनिटाला ४० एमबी निघाले, तर सगळं मिळून साडेसहाशे एमबीच्या आतच. लॉसलेसकटचे तुकडे पुसलेत की १३ जीबींहून जास्त जागा पुन्हा तुमच्या हातात.

आता शॉटकट उघडा. व्हिडिओसाठी एक फोल्डर करा, हलके केलेले तुकडे त्यातच ठेवा आणि प्रोजेक्टही तिथेच सेव्ह करा. पुढे कधी फोल्डर हलवलात तरी शॉटकटला क्लिप सापडतात. पेनड्राइव्हवरच्या क्लिप थेट उघडू नका. वाचनाचा वेग कमी पडतो, आणि ड्राइव्हचं अक्षर बदललं की क्लिप हरवल्याचा निरोप येतो. प्रोजेक्ट सुरू करतानाच `Video Mode` मध्ये `HD 720p 30 fps` निवडा. हे नंतर बदलता येतं, पण तोवर ठरवलेल्या जागा विस्कटतात. त्यानंतर `Settings > Preview Scaling > 360p` करा. हे फक्त तुमच्या डोळ्यांसमोरचं चित्र लहान करतं, तयार व्हिडिओ ७२०पीच राहतो. `Settings > Proxy > Use Proxy` बंद राहू द्या. प्रॉक्सी म्हणजे त्याच त्या हलक्या प्रती, आणि ते काम आपण हाताने करून घेतलंय. पुढे कधी प्रॉक्सी वापरायची वेळ आलीच, तर `Settings > Proxy > Storage` मध्ये ती कुठे साठते ते आधी बघा, आणि काम झाल्यावर ती आपणहून पुसली जात नाही हे लक्षात असू द्या.

क्लिप टाकल्यावर ती रूपांतराची चौकट पुन्हा आली, तर हँडब्रेकमध्ये `Constant Framerate` करायचं राहून गेलंय. तिथे होकार देऊ नका, मागे जाऊन तेवढं दुरुस्त करा.

पहिल्या व्हिडिओसाठी शॉटकटच्या तीन कळा पुरतात. क्लिप निवडून `A` दाबलं की ती टाइमलाइनच्या शेवटी जोडली जाते. `S` ने रेघ असेल तिथे क्लिपचे दोन भाग होतात. `X` ने निवडलेला भाग निघून पुढचं सगळं सरकून जवळ येतं. आईचा हात चौकटीत येतो तिथे `S`, मग आधीचा भाग निवडून `X`. टाका पूर्ण झाल्यावर पुन्हा तेच. लॉसलेसकटमध्ये सोडलेले ते दोन-तीन सेकंद असे निघून जातात. दृश्यांमध्ये चमकदार सांधे घालू नका. शिकणाऱ्याची नजर सुईवर असते, आणि प्रोसेसरवरही भार पडतो.

तरीही प्रिव्ह्यू अडखळलं तर लगेच एडिटर बदलू नका. `Ctrl+Shift+Esc` दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि क्लिप चालू असताना `Performance` मध्ये बघा. `CPU` शंभर टक्क्यांना भिडलं असेल, तर क्लिप अजून जड आहेत किंवा त्या जागी इफेक्ट जास्त झालेत. पण `CPU` निवांत असून `Memory` काठोकाठ भरलेली आणि `Disk` शंभरवर असेल, तर रॅम संपली आहे आणि विंडोज डिस्कवर ये-जा करतं आहे. तिथे शॉटकटमधली कुठलीही सेटिंग कामी येणार नाही. ब्राउझर बंद करा, लॅपटॉप पुन्हा सुरू करा आणि फक्त शॉटकट उघडा. याने भागलं नाही, तर १० मिनिटांचा व्हिडिओ पाच-पाच मिनिटांच्या दोन प्रोजेक्टमध्ये करा. दोन्ही एक्स्पोर्ट एकाच सेटिंगने काढलेत तर लॉसलेसकटच त्यांना पुन्हा एन्कोड न करता जोडून देतो.

एक्स्पोर्ट करताना `YouTube` हा प्रीसेट पुरेसा आहे. `Parallel processing` वर खूण असेल तर काढा, ती जास्त रॅम खाते आणि ४ जीबीवर एक्स्पोर्ट मध्येच कोसळायचं ते एक नेहमीचं कारण आहे. तयार फाइल काही शे एमबींची होईल, तरी सुरू करण्याआधी मोकळी जागा एकदा डोळ्यांखालून घाला. झाल्यावर फाइल सुरुवातीला, मध्ये आणि अगदी शेवटी चालवून बघा, आणि शेवटचा ‘टक्’ जुळतो का तेही. मगच बाकी काही पुसायचं.

पुढचा धडा शूट करताना मोबाइलच्या कॅमेऱ्यात एचईव्हीसी किंवा ‘हाय एफिशिएन्सी’ असं काही चालू असेल तर बंद करा, आणि एका टाक्याला एक क्लिप अशा छोट्या क्लिप घ्या. चुकलेली क्लिप मोबाइलवरच पुसता येते, लॉसलेसकटचं काम जवळपास उरतच नाही, आणि लॅपटॉपवर मुळात साडेपाचऐवजी दोन-अडीच जीबीच येतात. झालेल्या धड्याचा फोल्डर, म्हणजे हलके तुकडे, प्रोजेक्ट आणि तयार व्हिडिओ, सगळं मिळून एक जीबीच्या आसपास असेल. तो तसाच्या तसा पेनड्राइव्हवर हलवा. उद्या आई म्हणाली की तिसरा टाका चुकीचा दाखवलाय, तर फोल्डर परत लॅपटॉपवर घेऊन तेवढाच बदलता येईल.